कपाटामागची वायर मुलीला सापडते कशी?

*"मी मुलांसाठी गोष्टी लिहिते. एका दिवाळी अंकाला अशी गोष्ट पाठवली होती: घरातलं इंटरनेट सारखं बंद पडतं, सगळे वैतागतात, कंपनीचा माणूस येऊन जातो, आणि शेवटी अकरा वर्षांची मुलगी शोधून काढते की कपाटामागची वायर सैल झाली आहे. संपादकांनी गोष्ट परत पाठवली. 'ती नेमकी कपाटामागेच का बघते? योगायोग वाटतो,' असं म्हणाले. मला यातलं तांत्रिक काही कळत नाही. तिला हे खरोखर कसं सापडेल?"*
*एक लेखिका, इचलकरंजी*

ताई, तुम्ही सोबत पाठवलेला मसुदा वाचला. संपादकांचं बरोबर आहे. पण गोष्ट टाकून देऊ नका, कारण कपाटामागची सैल वायर हा अगदी खरा बिघाड आहे. घराघरांत जाऊन हे वायरिंग करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि असा बिघाड मी कितीतरी घरांत पाहते. तो मोठ्या माणसांना का सापडत नाही, यातच तुमची गोष्ट दडली आहे.

आधी घराची रचना पक्की करा. तुमच्या गोष्टीत 'इंटरनेटचा डबा' एकच दिसतो. तो दोन करा. रस्त्यावरच्या खांबावरून फायबरची बारीक वायर गॅलरीतून हॉलमध्ये येते आणि खिडकीजवळच्या एका डब्यात शिरते. कंपनीची माणसं याला ओएनटी म्हणतात, घरात त्याला मोडेमच म्हणतात. दुसरा डबा म्हणजे वायफाय देणारा राउटर. तो हॉलमध्ये ठेवला तर आतल्या खोल्यांत रेंज पोचत नाही, म्हणून बाबांनी तो आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर ठेवला आहे. मधलं अंतर बिल्डरने भिंतीतून टाकलेली लॅन केबल जोडते. तिचं एक सॉकेट हॉलमध्ये आणि दुसरं आतल्या खोलीत, बरोब्बर कपाटामागे. त्या सॉकेटमधून हातभर वायर निघते, कपाटाच्या पाठीला घासत वर जाते आणि राउटरला लागते. नव्या इमारतींत ही मांडणी सर्रास दिसते, कारण सॉकेट कुठे आहे हे पाहून कपाट ठेवायचं असतं हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता वायर सैल होते म्हणजे नेमकं काय होतं, ते बारकाईने पाहा. लॅन केबलच्या टोकाला पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोनी प्लग असतो. त्याच्या पाठीवर एक नाजूक पट्टी असते. प्लग सॉकेटमध्ये सारला की ही पट्टी आतल्या खाचेत अडकते आणि 'टक्' असा आवाज येतो. वायर ओढाओढीत सापडली की पहिली मोडते ती ही पट्टी. मोडल्यावरही प्लग आत जातो, आतले आठ सोनेरी पत्रे टेकतात, सगळं नीट चालतं. फक्त त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. वर कपाटाची पाठ त्याला टेकलेली. कपाटाचं दार ओढलं की कपाट केसभर डुलतं, प्लग तिरपा होतो, पत्रे क्षणभर सुटतात आणि पुन्हा टेकतात.

संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर या क्षणात आहे. कपाट डुललं तो एक सेकंद. पण राउटरला वाटतं लाइनच गेली. तो कंपनीशी चाललेलं लॉगिन तोडतो, वायर पुन्हा जाणवली की नव्याने लॉगिन करायला लागतो, आणि त्यात मिनिटभर तरी जातं, कधी त्याहून जास्त. तेवढ्यात कपाटाचं दार बंद झालेलं असतं आणि कपाट उघडणारा माणूस खोलीतून निघून गेलेला असतो. हॉलमध्ये बसलेल्या दादाची मॅच अडकते ती त्यानंतर. कपाट आणि इंटरनेट यांची गाठ कुणी घालत नाही ती याच मधल्या अंतरामुळे. तुमच्या गोष्टीत इंटरनेट "अचानक" जातं. ते अचानक जाऊ देऊ नका. दर वेळी त्याच्या आधी कुणीतरी कपाट उघडलेलं असू दे, पण ते वाक्य इतकं साधं असू दे की वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटावं: बाबा इस्त्रीचा शर्ट काढतात, आई कपाटात पर्स ठेवते.

याच मिनिटभरातून एक खोटा इलाजही जन्माला येतो आणि गोष्टीसाठी तो फार उपयोगाचा आहे. इंटरनेट गेलं की बाबा स्टुलावर चढून राउटर बंद करून चालू करतात, आणि ते परत येतं. ते तसंही येणारच होतं. पण बाबांना वाटतं राउटर अडकतो, जुना झालाय, नवा घ्यायला हवा. त्यांना मूर्ख दाखवायची काहीच गरज नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर इलाज दर वेळी लागू पडतो आहे.

कंपनीचा माणूसही तसाच. तुमच्या गोष्टीत तो आळशी आहे, "काही नाही, चालेल" म्हणून निघून जातो. त्याला प्रामाणिक करा, गोष्ट जास्त चांगली होईल. तो फायबर काढून मीटरवर प्रकाशाची ताकद मोजतो. ती उणे २० किंवा २१ येते. उणे २७ च्या खाली गेली तरच काळजी, तेव्हा त्याच्या दृष्टीने लाइन उत्तम आहे. त्याचं माप बरोबर आहे आणि त्याची जबाबदारी मोडेमपाशी संपते. पुढची वायर घराची. घरात प्रत्येक जण खरंच बोलतो आहे आणि तरीही उत्तर सापडत नाही, अशी अडचण मुलीसमोर उभी करा. मग तिला हुशार म्हणून सांगावं लागणार नाही.

आता मुलगी. तिला आपण मुक्ता म्हणू. तिच्या हातात एकच काम द्या: नोंद ठेवणं. आजीच्या जुन्या दुधाच्या वहीत ती वेळ लिहायला लागते. इंटरनेट कधी गेलं, तेव्हा घरात कोण काय करत होतं. सुरुवातीला या वहीतून एक चुकीचा निष्कर्ष निघू द्या. सोमवार ते शुक्रवार सकाळी पावणेनऊच्या आसपास जातं आणि संध्याकाळी साडेसहा-सातला जातं. दादा लगेच म्हणतो, "तेव्हा सगळी सोसायटी ऑनलाइन असते, लोड येतो." पटण्यासारखं आहे. मग रविवार येतो. रविवारी पावणेनऊला काहीच होत नाही, इंटरनेट अकरा वाजता जातं. लोड असता तर रविवारी सकाळी कमी व्हायला हवा की जास्त, यावर घरात वाद होतो. मुक्ता मात्र वहीत एवढंच बघते की रविवारी बाबांची अंघोळ अकराला झाली.

हे लगेच उलगडू नका. एवढ्यावर ती कपाटाकडे धावली तर पुन्हा योगायोग वाटेल. वहीतून फक्त संशय यावा. पुरावा तिने वेगळ्या वाटेने मिळवायला हवा. ती वाट मी खाली सांगते, कारण आम्हीही कामावर तीच धरतो.

खांबापासून मोबाइलपर्यंतचा रस्ता डोळ्यांसमोर आणा: फायबर, मोडेम, लॅन केबल, राउटर, वायफाय, मोबाइल. बिघाड यात कुठेही असू शकतो. नवखा माणूस एका टोकापासून सुरुवात करतो, बहुधा मोबाइलपासून, कारण तो हातात असतो. अनुभवी माणूस मधोमध हात घालतो. मधला भाग ठीक निघाला तर अर्धा रस्ता एका फटक्यात सुटतो.

मुक्ताला मोडेमची हालत कळायला कुठलंही यंत्र नको. घरात लँडलाइन फोन ठेवा, मोडेमलाच जोडलेला. फायबरच्या बऱ्याच जोडण्यांत तो असतो. इंटरनेट गेलेलं असताना आजी त्याच फोनवर मिरजेच्या बहिणीशी निवांत बोलते आहे. म्हणजे खांबापासून मोडेमपर्यंत सगळं ठीक. फायबर तुटली असती किंवा कशाखाली तरी दबून दुमडली असती, तर आजीचा फोनही मुका झाला असता आणि मोडेमवर एलओएस नावाचा दिवा लाल झाला असता. तो विझलेला आहे, पॉन नावाचा हिरवा दिवा स्थिर आहे. आजीचं बोलणं हा गोष्टीतला सगळ्यात सुंदर पुरावा होऊ शकतो, कारण ते आधीपासून पानावर असतं आणि कुणी त्याच्याकडे पुरावा म्हणून पाहत नाही.

दुसऱ्या बाजूने वायफाय. तुमच्या मसुद्यात "वायफायच्या रेषा पूर्ण होत्या तरी नेट नव्हतं, हे मोठं गूढ होतं" असं वाक्य आहे. यात गूढ काही नाही. त्या रेषा मोबाइल आणि राउटर यांच्यातलं नातं सांगतात, राउटरच्या पलीकडे काय चाललंय ते त्यांना कळत नाही. रेषा पूर्ण आणि खाली No internet लिहिलेलं, याचा अर्थ राउटर जिवंत आहे आणि त्याच्यापर्यंतचा रस्ता मोकळा आहे. घरातल्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये 192.168.1.1 टाकलं तर राउटरचं स्वतःचं पान इंटरनेट नसतानाही उघडतं. पत्ता प्रत्येक राउटरचा हाच नसतो, खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. मुलांना हे फार आवडतं: बाहेरचं जग बंद आणि तरीही एक पान उघडतंय.

इथे एक फसवी वाट जरूर ठेवा. दादा म्हणतो, "माझ्याकडे चालू आहे, तुमच्याच मोबाइलमध्ये प्रॉब्लेम आहे." त्याचा मोबाइल वायफायवर इंटरनेट मिळत नाही असं दिसताच गुपचूप मोबाइल डेटावर गेलेला असतो. मुक्ता त्याला डेटा बंद करायला लावते आणि त्याचंही नेट बंद पडतं. घरोघरी या एका गोष्टीवरून वाद होतात, वाचणारी मुलं लगेच ओळखतील.

तर मोडेमपर्यंत ठीक, राउटरपासून पुढे ठीक. उरली मधली वायर. ती भिंतीत आहे, दिसत नाही. मोडेमच्या लॅनचा दिवा विझलेला आणि राउटरच्या वॅनचा, म्हणजे मोडेमकडून वायर येते त्या तोंडाचा, दिवाही विझलेला. दोन्ही टोकांचे दिवे एकाच वेळी विझतात तेव्हा दोष वायरीत असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तरी एखाद्या डब्याचं तोंडच खराब असू शकतं, म्हणून एक चाचणी हवीच. राउटर त्याच्या अडॅप्टरसकट उचलून हॉलमध्ये आणायचा आणि छोट्या वायरीने सरळ मोडेमला जोडायचा. ही छोटी वायर राउटरच्या खोक्यात येते आणि बहुतेक घरांत ती अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलीच असते. इंटरनेट आलं आणि टिकलं, तर दोन्ही डबे निर्दोष.

या चाचणीसाठी रोजच्यासारखा मिनिटभराचा खंड पुरणार नाही, म्हणून कळसाच्या वेळी इंटरनेट कायमचं जाऊ द्या. दिवाळीची सफाई करा. कपाट पुढे ओढलं, मागचं झाडून काढलं, पुन्हा भिंतीला ढकललं. तिरपा प्लग पत्र्यांपासून पुरता सुटला. आता राउटर कितीदाही बंद-चालू केला तरी काही होत नाही, आणि बाबांचा इलाज पहिल्यांदाच फसतो.

त्या संध्याकाळचा प्रसंग मी असा लिहिला असता. तुमच्या भाषेत बदलून घ्या.

*बाबांनी राउटर तिसऱ्यांदा बंद करून चालू केला. दिवे लागले, एक सोडून.*

*"उद्या नवा आणतो," ते स्टुलावरून उतरत म्हणाले.*

*"बाबा, आजी कुणाशी बोलतेय?"*

*"मावशीआजीशी. का?"*

*"घरच्या फोनवरून?"*

*बाबांनी हॉलकडे पाहिलं. आजी खिडकीजवळ पाय पसरून बसली होती, मांडीवर फोन. "अगं, चकलीला या वेळी मोहन कमी पडलं," असं तिचं चाललं होतं.*

*"तो फोन मोडेमचाच आहे ना?" मुक्ता म्हणाली. "मग मोडेमपर्यंत येतंय."*

*"बरं, येतंय. म्हणूनच म्हणतोय, राउटर गेला."*

*"गेला की नाही ते बघूया? त्याला मोडेमजवळ न्यायचा. खोक्यात वायर आहे, पांढरी. उघडलीच नाही आपण."*

*बाबांनी घड्याळ पाहिलं. मग राउटर खाली काढून तिच्या हातात दिला. मुक्ताने पिशवी दाताने फाडायला घेतली, आईने कात्री आणून दिली. एक टोक मोडेमला. टक्. दुसरं राउटरला. टक्. आजीने पाय आवरून घेतले, पण बोलणं थांबवलं नाही.*

*वॅनचा दिवा लागला. पहिल्यांदा लाल, मग बराच वेळ लुकलुकत राहिला. कुणी काही बोललं नाही. मग हिरवा झाला, आणि दादा आतून ओरडला, "आलं!"*

*"म्हणजे राउटर चांगला आहे," बाबा हळूच म्हणाले.*

*"आणि मोडेमपण," मुक्ता म्हणाली. "मधली वायर राहिली."*

*"ती भिंतीत आहे, मुक्ता. भिंतीतली वायर कशी बिघडेल?"*

*मुक्ताने वही उघडली. भिंतीतली वायर हलत नाही, हे बाबांचं बरोबर होतं. मग हलतं काय? तिने नोंदींवरून बोट फिरवलं. पावणेनऊ: बाबा तयार होतात. साडेसहा: आई ऑफिसमधून येते. रविवार अकरा: बाबांची अंघोळ. आज चार: कपाट सरकवलं.*

*"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही सकाळी शर्ट कुठून काढता?"*

इथपर्यंत आल्यावर वाचणाऱ्या मुलाने तिच्या आधी उत्तर दिलं पाहिजे. संपादकांना हवं ते हेच. ती कपाटामागे बघते, कारण बाकी सगळ्या जागा तिने एकेक करून सोडवल्या आहेत आणि उरलेल्या जागेत हलणारी वस्तू एकच आहे.

एक धागा मी तुम्हाला भेट म्हणून देते, हवा असेल तर गोष्टीच्या सुरुवातीला पेरा. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, चार जोड्यांमध्ये पिळलेल्या. सेकंदाला १००० मेगाबिटचा वेग हवा असेल तर आठही तारा लागतात. १०० मेगाबिटला चारच पुरतात. प्लग तिरपा होऊन काही पत्रे सुटले, तर बहुतेक उपकरणं लाइन सोडत नाहीत, खालच्या वेगावर येऊन काम चालू ठेवतात. मग स्पीड टेस्टमध्ये आकडा येतो ९४ च्या आसपास, कारण १०० मधले पाच-सहा दळणवळणाच्या खर्चात जातात. घराचा प्लॅन २०० चा आहे असं समजा. गोष्टीच्या दुसऱ्याच पानावर बाबा कुरकुरतात, "दोनशेचे पैसे भरतो, आधी मिळायचेही, आता चौऱ्याण्णवच्या वर जात नाही. लुटतात नुसते." सगळे हसतात आणि पुढे जातात. मुक्ता मात्र सकाळी मोजते, दुपारी मोजते, रात्री बारा वाजता पाणी प्यायला उठून मोजते. दर वेळी ९३, ९४. कंपनीकडे गर्दी असती तर आकडा वेळेनुसार खालीवर झाला असता. एकाच जागी गच्च अडकलेला आकडा गर्दीचा नसतो.

हा धागा वापरताना दोन गोष्टी सांभाळा. मोजणी राउटरजवळ उभं राहून केलेली असावी, नाहीतर भिंतींमुळे वायफायचाच वेग कमी येतो आणि आकड्याला काही अर्थ राहत नाही. आणि पूर्वी याच राउटरवर जवळजवळ २०० मिळत होते हे बाबांच्या तोंडून यायलाच हवं. स्वस्त राउटरांची तोंडंच १०० ची असतात. त्यांच्यावर वायर ठणठणीत असली तरी ९४ च येणार, आणि एखादा जाणकार वाचक तुम्हाला पत्र लिहील.

आता शेवट. तुमच्या मसुद्यात ती वायर आत ढकलते आणि सगळे टाळ्या वाजवतात. वायर नुसती आत ढकलून हा बिघाड जात नाही. कपाट पुन्हा डुललं की प्लग पुन्हा सुटणार, आणि हे मुक्तालाच कळायला हवं. तिने नुकताच हॉलमध्ये नव्या वायरीचा दोनदा 'टक्' ऐकला आहे. कपाटामागचा प्लग ती आत सारते, राउटरवर दिवा लागतो, पण 'टक्' येत नाही. ती प्लग बाहेर काढून उजेडात धरते. पाठीवरची पट्टी मुळापासून मोडलेली, आत लोंब्यासारखी धूळ, आणि प्लगच्या एका कडेवर कपाटाच्या रंगाचा करडा ओरखडा. मोडकी पट्टी आणि ओरखडा या दोन गोष्टी जवळून दाखवा. तिच्या सगळ्या तर्काला दुजोरा देणारी वस्तू तिच्या हातात आहे, त्याहून मोठा आनंद गोष्टीला नको.

मग ती खात्री करून घेते. प्लग नुसता टेकवून ठेवते आणि दादाला कपाटाचं दार उघडायला सांगते. दिवा विझतो. दार बंद, दिवा लागतो. पुन्हा उघड, पुन्हा विझतो. हे दोन-तीनदा झालं की बाबा काही न बोलता बाजारात निघतात.

दुरुस्ती खरी दाखवायची तर ती साधी आहे. हॉलमध्ये वापरलेली नवी वायर पुरेशी लांब असेल तर तीच इथे लावायची. नसेल तर दुकानातून लांब वायर आणायची किंवा केबलवाल्याकडून जुन्या वायरीला नवा प्लग बसवून घ्यायचा. क्रिम्पिंगची पक्कड हाताशी असेल तर त्याचं काम पाच मिनिटांचं. चिकटपट्टीने प्लग जागेवर बांधू नका, गोष्टीतही नको. काही दिवस ती धरते, मग उन्हाळ्यात डिंक सुटतो आणि सगळं पुन्हा सुरू होतं. आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवायला हवं, म्हणजे प्लगवर त्याचा भार येणार नाही. हे कुणी म्हणावं? माझ्या मते आजीने. ती त्या खोलीत झोपते, झाडू तिथे जात नाही ही तिची जुनी तक्रार आहे.

मुलं गोष्ट वाचून करून बघतात, म्हणून काही जागी हात आखडता घ्या. कपाट मुक्ताने एकटीने सरकवू नये. भरलेलं लोखंडी कपाट पुढे कलंडतं, तेव्हा ते आई-बाबांनी वरचं सामान काढून, दोघांनी मिळून सरकवावं. कपाटामागे विजेचंही सॉकेट असेल तर त्याला तिने हात लावू नये. आणि फायबरच्या हिरव्या तोंडाची वायर तिने कधीही काढू नये किंवा तिच्या टोकात डोकावू नये. त्यातला प्रकाश लेझरचा असतो आणि डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे काही चाललंय हेही कळत नाही. सुदैवाने आपल्या गोष्टीत फायबरला हात लावायची वेळच येत नाही, ते काम आजीच्या फोनने केलं आहे.

शब्दांबद्दल थोडंसं. तुमच्या मसुद्यात "नेटवर्क सिस्टिममध्ये मेजर फॉल्ट आहे" असं कंपनीचा माणूस बोलतो. आमच्यात कुणी असं बोलत नाही. तो म्हणेल, "पॉवर चांगली येतेय मॅडम, लाइन ओके आहे. राउटर चेक करून घ्या." आणि चहाला नाही म्हणेल, कारण खाली अजून दोन कंप्लेंट बाकी आहेत.

नवा मसुदा झाला की तो संपादकांना पाठवण्याआधी ओळखीतल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाला वाचायला द्या आणि "वायर" हा शब्द तो कुठल्या ओळीला म्हणतो तिथे पेन्सिलीने खूण करा. खूण ९४ च्या आकड्यापाशी आली तर तो धागा फार उघडा पडला आहे, बाबांच्या कुरकुरीत आणखी दोन तक्रारी मिसळा. शर्टाच्या प्रश्नानंतरही खूण आली नाही, तर कपाटाचं दार आधीच्या पानांत आणखी एकदा वाजू द्या.